स्वतःशीच खेळणारा तक्ता

फुली-गोळ्याच्या पटावर नऊ घरे असतात आणि प्रत्येक घर रिकामे, फुलीचे किंवा गोळ्याचे असते. नुसता गुणाकार केला तर 19,683 मांडण्या निघतात. पण फुली पहिली, मग गोळा, आणि कोणाची तरी ओळ पूर्ण झाली की डाव संपला, हे नियम लावले की खऱ्या डावात येऊ शकणाऱ्या स्थिती 5,478 एवढ्याच उरतात. त्यांपैकी 958 स्थितींत डाव संपलेला असतो. एवढी यादी संगणकाच्या स्मृतीत सहज मावते. म्हणूनच यंत्र अनुभवातून शिकते म्हणजे नेमके काय करते, हे पाहायला या खेळाइतकी सोयीची जागा नाही: प्रोग्रॅमचे सगळे ज्ञान एका तक्त्यात असते आणि त्यातला प्रत्येक आकडा उघडून वाचता येतो. या प्रकरणात असा प्रोग्रॅम घडवायचा आहे. त्याला डावपेच शिकवायचे नाहीत, स्वतःशीच खेळू द्यायचे आणि डावाच्या शेवटी फक्त निकाल सांगायचा. तो शिकतो, याबद्दल शंका नाही. प्रश्न वेगळा आहे. तो नेमके काय शिकला आणि ते आपल्याला कसे कळणार? स्वतःशी कधीच न हरणारा प्रोग्रॅम शाळकरी मुलाकडून हरू शकतो, आणि तसे का होते हे समजले की या पद्धतीचे मर्म हाती येते.

ही कल्पना संगणक घरोघरी येण्याच्या फार आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या डोनाल्ड मिची यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फुली-गोळा शिकणारे एक यंत्र बनवले. त्यांच्याकडे वापरायला संगणक नव्हता, म्हणून ते यंत्र काड्यापेट्यांचे होते. त्याचे नाव मेनेस. एकेका स्थितीसाठी एक अशा 304 पेट्या, आणि प्रत्येक पेटीत रंगीत मणी, एकेका घरासाठी एकेक रंग. यंत्राची पाळी आली की त्या स्थितीची पेटी हलवायची आणि जो मणी पुढे येईल ती चाल खेळायची. डाव हरला तर वापरलेल्या प्रत्येक पेटीतला तो मणी काढून घ्यायचा, बरोबरी झाली तर त्याच रंगाचा एक मणी वाढवायचा, जिंकला तर तीन. मिची स्वतः समोर बसून खेळत गेले आणि पेट्यांतले मणी बदलत गेले, तशी यंत्राच्या चालीत सुधारणा दिसू लागली. आज आपण लिहिणार आहोत त्या प्रोग्रॅमपेक्षा मेनेस दोन बाबतींत वेगळे होते. त्याला शिकवायला माणूस लागत होता. आणि निकालाचे श्रेय किंवा दोष ते डावातल्या सगळ्या चालींना सारखाच वाटत होते, मग चूक पहिल्या चालीत असो वा शेवटच्या. मिचींनी पेट्यांची योजना करताना सुरुवातीच्या चालींच्या पेट्यांत जास्त मणी ठेवले होते, त्यामुळे तिथे एक मणी गेल्याने फारसे बिघडत नसे. पण दोष नेमक्या चालीपर्यंत पोहोचवण्याची सोय त्या पेट्यांत नव्हती.

ती सोय करणारी पद्धत रिचर्ड सटन यांनी 1988 साली एका निबंधात नीट मांडली. पुढे सटन आणि अँड्र्यू बार्टो यांच्या 1998 सालच्या पाठ्यपुस्तकात पहिल्याच प्रकरणात तिचे उदाहरण म्हणून फुली-गोळाच घेतला आहे. पद्धत अशी. प्रत्येक स्थितीपुढे एक आकडा लिहायचा, 0 ते 1 मधला. ती स्थिती ज्याच्या चालीने तयार झाली त्याच्या दृष्टीने ती किती चांगली, हे तो आकडा सांगतो: जिंकलेली स्थिती 1, हरलेली 0, बरोबरी 0.5. ज्या स्थितीबद्दल अजून काहीच माहीत नाही तिचीही किंमत 0.5 धरायची. आपली पाळी आली की शक्य त्या सगळ्या चाली मनातल्या मनात करून पाहायच्या, प्रत्येकीतून तयार होणाऱ्या स्थितीची किंमत तक्त्यात बघायची आणि सर्वांत मोठ्या किमतीची चाल खेळायची. डाव संपला की उलट्या दिशेने मागे यायचे आणि प्रत्येक स्थितीची किंमत तिच्यानंतर त्याच खेळाडूला मिळालेल्या स्थितीच्या किमतीकडे थोडी सरकवायची. सूत्रात लिहायचे तर V(s) ← V(s) + α (V(s′) − V(s)). इथे s ही आधीची स्थिती, s′ ही त्याच खेळाडूची पुढची, आणि α म्हणजे एका खेपेला किती सरकायचे ते प्रमाण. आपण α साठी 0.1 घेऊ, म्हणजे दोन किमतींमध्ये जेवढे अंतर असेल त्याचा दहावा भाग.

पायथॉनमध्ये या दुरुस्तीचा गाभा एवढाच आहे. `log` मध्ये प्रत्येक खेळाडूने तयार केलेल्या स्थिती क्रमाने ठेवल्या आहेत, `result` मध्ये डावाचा निकाल आहे, आणि `value` हे फंक्शन जिंकलेल्या स्थितीला 1, तक्त्यात असलेल्या स्थितीला तिथला आकडा आणि बाकी सगळ्यांना 0.5 देते.

```python
for q in "XO":
    target = result[q]
    for s, tried in reversed(log[q]):
        v = value(s, q)
        if target is not None:
            V[s] = v + alpha * (target - v)
        target = None if tried else value(s, q)
```

यात `tried` म्हणजे काय ते थोड्या वेळाने पाहू. आधी ही दुरुस्ती प्रत्यक्षात काय करते ते एका स्थितीवर जवळून पाहणे गरजेचे आहे, कारण इथेच पहिला मोठा आक्षेप उभा राहतो. दोन खेळाडू आहेत, दोघांनाही खेळता येत नाही, दोघेही एकाच रिकाम्या तक्त्यातून चाली शोधतात. मग आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवावी तसे हे होणार नाही का? एकाची चूक दुसऱ्याला चूक वाटणारच नाही आणि दोघे मिळून भलतेच काही तरी पक्के करून बसतील.

घरांना डावीकडून उजवीकडे, वरून खाली 1 ते 9 असे आकडे देऊ. फुलीने कोपऱ्यातले घर 1 घेतले, गोळ्याने मधले 5 घेतले, फुलीने समोरचा कोपरा 9 घेतला. आता पाळी गोळ्याची आहे.

```
X . .
. O .
. . X
```

सराईत खेळाडूला इथले उत्तर ठाऊक असते. गोळ्याने कडेचे घर, म्हणजे 2, 4, 6 किंवा 8 घेतले तर डाव सांभाळता येतो. कोपरा घेतला तर डाव गेला. समजा गोळ्याने 3 घेतले. त्याची 3-5-7 ही तिरपी ओळ आता एका घराने अपुरी आहे, म्हणून फुलीला 7 घ्यावेच लागते. पण 7 घेताच फुलीची 1-4-7 ही उभी आणि 7-8-9 ही आडवी अशा दोन ओळी एकाच वेळी एकेका घराने अपुऱ्या राहतात. गोळा एकच अडवू शकतो. हा दुहेरी पेच आपल्या प्रोग्रॅमला कोणी सांगितलेला नाही. तक्त्यात गोळ्याच्या या कोपऱ्याच्या चालीपुढे 0.5 लिहिले आहे आणि कडेच्या चालींपुढेही 0.5.

आता डाव सुरू होतात. गोळ्याने 3 घेतले की फुलीपुढे पाच घरे आहेत: 2, 4, 6, 7, 8. तिलाही काही माहीत नाही, सगळ्यांची किंमत 0.5. समजा तिचे नशीब सर्वांत वाईट आहे आणि ती आधी चारही चुकीची घरे घेऊन बघते. प्रत्येक वेळी गोळा 7 घेऊन जिंकतो, कारण तयार ओळ पूर्ण करणारी स्थिती 1 किमतीची आहे हे त्याला दिसते. पहिल्या अशा डावानंतर कोपऱ्याच्या चालीची किंमत 0.5 वरून 0.55 होते, मग 0.595, मग 0.636, आणि चौथ्यानंतर 0.672. म्हणजे जी चाल हरण्याची आहे तीच तक्त्यात कडेच्या चालींपेक्षा बरीच वर जाऊन बसते. आक्षेप घेणाऱ्याला जी भीती होती तेच इथे घडताना दिसते, आणि शिकण्याच्या सुरुवातीला तक्ता उघडून पाहणारा विद्यार्थी हमखास म्हणेल की प्रोग्रॅममध्ये काही तरी चूक आहे.

पण याच चार डावांत फुलीच्या तक्त्यातही काही घडलेले असते. तिच्या चारही चुकीच्या चालींची किंमत प्रत्येकी 0.45 झाली आणि 7 एकटे 0.5 वर उरले. पाचव्या डावात ती 7 घेते, दुहेरी पेच पडतो, ती जिंकते, आणि 7 ची किंमत वाढल्यामुळे ती तिथून हलत नाही. आता गोळ्याची पाळी शिकण्याची. तो 4 घेऊन एक ओळ अडवतो आणि हरतो, 8 घेऊन दुसरी अडवतो आणि हरतो, मग 2 आणि 6 घेऊनही हरतो. या चारही चाली 0.45 वर आल्या की पुन्हा फेरा सुरू होतो आणि त्या 0.405 वर येतात. दर डावामागे कोपऱ्याच्या चालीची किंमत या घसरणाऱ्या आकड्यांकडे ओढली जाते: 0.672 वरून 0.650, 0.630, 0.612, 0.596 आणि पुढे. हिशेब करून पाहा, या उतरणीच्या दहाव्या डावानंतर ती 0.4986 होते, म्हणजे कडेच्या चालींच्या 0.5 पेक्षा कमी, आणि त्यानंतर गोळा कोपरा सोडून कड घेऊ लागतो. चार चुकीच्या डावांनी वाढलेले मोल उतरायला दहा डाव लागले. उतरण संथ असते याचे कारण दोष थेट मागे जात नाही. हरल्यावर आधी शेवटची चाल बदलून पाहिली जाते, सुटकेच्या सगळ्या वाटा बंद आहेत हे कळल्यावरच त्याच्या आधीच्या चालीवर ठपका येतो. मेनेसच्या पेट्या हा भेद करू शकत नव्हत्या, त्यांनी सगळ्यांचा एकेक मणी काढला असता.

तर आक्षेपाचे उत्तर असे. दोन अडाणी खेळाडू एकमेकांकडून काहीच शिकत नाहीत हे खरे, पण तक्त्यात येणारी माहिती प्रतिस्पर्ध्याकडून येतच नाही. ती नियमाकडून येते. तीन चिन्हे ओळीत आली की जिंकले, ही एकच पक्की गोष्ट प्रोग्रॅमला बाहेरून दिली आहे, आणि ती कोणाच्याही मतावर अवलंबून नाही. ती शेवटच्या चालीत खरी होते, तिथून एकेक पाऊल मागे झिरपते. मध्यंतरी किमती चुकीच्या असतात कारण समोरचा अजून शिकलेला नसतो. तो शिकला की त्या बदलतात. म्हणून स्वतःशी खेळताना शिकण्याचे लक्ष्य सतत हलते असते आणि α शून्याच्या फार जवळ नेऊन चालत नाही, नाही तर जुन्या अडाणी काळातले 0.672 पुसलेच जाणार नाही.

या उत्तरात मात्र एक अट दडलेली आहे: त्या स्थितीत डाव वारंवार पोहोचला पाहिजे. दहा डाव झाले म्हणून कोपऱ्याची चाल उघडी पडली. ते झालेच नसते तर? आता समजा दोघेही नेहमी तक्त्यातली सर्वांत मोठ्या किमतीचीच चाल खेळतात. ज्याचा डाव जातो त्याच्या चालींच्या किमती घटतात आणि तो वाट बदलतो. असे होत होत कधीतरी एक डाव बरोबरीत सुटतो. आणि इथे सगळे थांबू शकते. बरोबरीची किंमत 0.5, अज्ञात स्थितीचीही 0.5. आधी कधी जिंकल्यामुळे ज्या स्थिती 0.5 च्या वर आहेत त्या बरोबरी झाल्यावर 0.5 कडे खाली येत राहतात, पण सूत्र असे आहे की त्या 0.5 ओलांडून खाली जाऊच शकत नाहीत. मग न पाहिलेली चाल त्यांच्यापेक्षा वरचढ कधीच ठरत नाही. तोच डाव पुन्हा, तीच बरोबरी पुन्हा, हजारो वेळा. तक्त्यात त्या एका वाटेवरच्या आणि आधी चाचपडलेल्या थोड्या स्थिती भरलेल्या असतात, बाकी सगळीकडे पहिल्या दिवशीचे 0.5. प्रोग्रॅम स्वतःशी शंभर टक्के बरोबरी करतो आणि फुली-गोळ्यात दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाला तर बरोबरीच होते, हे वाचलेले असल्यामुळे विद्यार्थी खूश होतो. समोर माणूस बसला आणि त्याने एक अनपेक्षित घर घेतले की प्रोग्रॅम न पाहिलेल्या प्रदेशात जातो आणि तयार ओळ अडवायचीही विसरतो.

यावरचा ठरलेला उपाय म्हणजे प्रयोगाच्या चाली. दर चालीला ठरावीक शक्यतेने, म्हणजे समजा दहातून एकदा, तक्ता न बघता कोणतेही रिकामे घर घ्यायचे. या शक्यतेला ε म्हणतात. वरच्या कोडमधले `tried` हे अशाच चालीची खूण आहे. प्रयोगाची चाल मूर्खपणाची असू शकते, तिच्यामुळे डाव गेला तर तिच्या आधीच्या चांगल्या स्थितीला दोष देणे अन्याय होईल, म्हणून तिथे `target` कोरा ठेवला आहे आणि किमतीची साखळी तोडली आहे. प्रयोगाच्या चालीतून आलेल्या स्थितीची स्वतःची किंमत मात्र पुढच्या खेळावरून सुधारते, कारण ती शिकण्यासाठीच तर तो प्रयोग केला.

दहातून एक पुरेसे आहे का, याचा अंदाज कागदावर काढता येतो आणि तो काढायलाच हवा. समजा प्रोग्रॅम फुलीने खेळतो आहे आणि आपल्याला अशा स्थितीची काळजी आहे जिथे समोरच्याने ओळीने दोन विशिष्ट विचित्र चाली केल्या आहेत. गोळ्याच्या पहिल्या चालीला आठ घरे रिकामी असतात, तेव्हा प्रयोगातून नेमके तेच घर पडण्याची शक्यता 80 मध्ये 1. दुसऱ्या चालीला सहा घरे, म्हणजे 60 मध्ये 1. दोन्ही मिळून 4,800 डावांत एकदा. 50,000 डाव खेळवले, जे साध्या लॅपटॉपला काही विशेष काम नाही, तर ही स्थिती दहाएक वेळा दिसेल. तेवढ्यात काम निभते. पण तिसरी विचित्र चाल जोडली की शक्यता 1,92,000 मध्ये 1 होते आणि 50,000 डावांत ती स्थिती बहुधा एकदाही येत नाही. ε वाढवून 0.3 केला तर तीच तिहेरी वाट सुमारे 7,100 डावांत एकदा येते, म्हणजे 50,000 डावांत सातएक वेळा. म्हणून सुरुवातीला ε मोठा ठेवून तो हळूहळू कमी करणे शहाणपणाचे ठरते. कमी का करायचा? कारण समोरचा खेळाडूही दहातून तीनदा अंदाधुंद खेळत असेल तर तक्त्यातल्या किमती अशा धांदरट प्रतिस्पर्ध्याच्या हिशेबाने बसतात. वाईट स्थितीही त्याच्यासमोर निभून जाते, आणि प्रोग्रॅमला धोका खरा आहे त्यापेक्षा कमी वाटतो.

आता मुख्य प्रश्न: शिकला हे ओळखायचे कसे? बहुतेक जण एक आलेख काढतात, डावांच्या संख्येसमोर बरोबरीचे प्रमाण. तो वर चढतो आणि छान दिसतो, पण त्यातून कळते फार थोडे. प्रयोग चालू असताना अंदाधुंद चालींमुळे पराभव होतच राहतात, म्हणून आकडा शंभरावर जात नाही आणि उरलेले पराभव अज्ञानाचे की प्रयोगाचे हे सांगता येत नाही. प्रयोग बंद करून स्वतःशी हजार डाव खेळवले तर, किमती सारख्या असतील तिथला निवडीचा फरक सोडला, तर तो एकच डाव हजार वेळा मोजल्यासारखे होते. अंदाधुंद खेळणाऱ्याशी गाठ घालून पाहणे जरा बरे, पण तो दुहेरी पेच क्वचितच टाकतो, त्यामुळे वर पाहिलेली कोपऱ्याची चूक त्याच्यासमोर बहुतेक वेळा खपून जाते.

फुली-गोळ्यात सुदैवाने पूर्ण परीक्षा शक्य आहे. ε शून्य करायचा, प्रोग्रॅमच्या पाळीला त्याची एकच चाल घ्यायची, आणि प्रतिस्पर्ध्याच्या पाळीला एकही चाल न सोडता सगळ्या करून बघायच्या. खालच्या कोडमध्ये `choose` प्रोग्रॅमची चाल निवडते आणि तिला दिलेला 0 म्हणजे ε, `put` घरात चिन्ह मांडते आणि `won` ओळ पूर्ण झाली का ते सांगते.

```python
def losses(s, turn, me):
    other = "O" if turn == "X" else "X"
    if turn == me:
        nxt = [choose(s, me, 0)[0]]
    else:
        nxt = [put(s, i, turn)
               for i in range(9) if s[i] == "."]
    n = 0
    for t in nxt:
        if won(t, turn):
            n += (turn != me)
        elif "." in t:
            n += losses(t, other, me)
    return n
```

प्रोग्रॅम फुलीने खेळत असेल तर समोरच्यापुढे आठ, सहा, चार आणि दोन असे पर्याय येतात, म्हणजे जास्तीत जास्त 384 डाव. गोळ्याने खेळत असेल तर नऊ, सात, पाच, तीन आणि एक, म्हणजे 945. एवढे तपासायला डोळ्याची पापणी लवायचा अवकाश. दोन्ही बाजूंनी उत्तर शून्य आले तरच प्रोग्रॅम अजिंक्य म्हणायचा. शून्य आले नाही तर ज्या डावात तो हरला तो छापून घ्यायचा, त्यातल्या प्रोग्रॅमच्या प्रत्येक स्थितीची तक्त्यातली किंमत शेजारी लिहायची. तिथे नेमके 0.5 दिसले तर जवळजवळ नक्की समजा की ती स्थिती कधी आलीच नाही, आणि उपाय जास्त प्रयोगांचा किंवा काही डाव थेट अशा आडवळणाच्या स्थितींपासून सुरू करण्याचा. 0.6 सारखा आकडा दिसला आणि चाल तरीही हरणारी असेल तर दोष वेगळा आहे: ती स्थिती आली, पण जुनी चुकीची किंमत उतरायला डाव कमी पडले. दोन दुखण्यांची औषधे वेगळी आहेत, आणि नुसत्या टक्केवारीतून ती वेगळी ओळखता येत नाहीत. ही परीक्षा दोनतीनदा घ्यावी, कारण समान किमतीच्या चालींमधून निवड नशिबाने होते आणि एखादे भोक एका खेपेला झाकलेले राहू शकते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हा खेळ इतका छोटा आहे की सगळ्या शक्यता शेवटपर्यंत मोजून निर्दोष चाल काढणारा प्रोग्रॅम वीसपंचवीस ओळींत लिहिता येतो, त्याला एकही डाव शिकावा लागत नाही. मग हा खटाटोप का? फुली-गोळा खेळणारा प्रोग्रॅम एवढेच हवे असेल तर तो मोजणाराच प्रोग्रॅम लिहावा, यात वाद नाही. फुली-गोळा इथे घेतला तो त्याचे उत्तर आधीच माहीत आहे म्हणून. शिकणाऱ्याने काढलेले उत्तर त्या पक्क्या उत्तराशी ताडून बघता येते, आणि शिकण्याची पद्धत कुठे फसते ते उघड दिसते. शिवाय आपल्या प्रोग्रॅमने स्वतःच्या पुढच्या एका चालीपलीकडे काहीच मोजलेले नाही. समोरचा काय करेल याचा विचार त्याने कधी केला नाही, समोरच्याने जे केले त्याचा परिणाम तेवढा नोंदवला. शेवटपर्यंत मोजणे अशक्य असते तिथे हाच फरक कामाचा ठरतो.

तिसरा आक्षेप म्हणजे ही तर घोकंपट्टी झाली. तो मला अर्धा मान्य आहे. गोळ्याने कोपरा 3 घेणे आणि 7 घेणे या आरशात पाहिल्यासारख्या एकसारख्या चाली आहेत, पण तक्त्याला ते ठाऊक नाही. 3 बद्दल दहा डाव हरून जे शिकला ते 7 बद्दल त्याला पुन्हा दहा डाव हरूनच शिकावे लागते. पट फिरवून आणि उलटा करून सारख्या दिसणाऱ्या स्थिती एकच मानल्या तर 5,478 च्या 765 उरतात आणि शिकणे कितीतरी लवकर होते. मिचींनी पेट्या कमी करण्यासाठी हेच केले होते. पण ती समज माणसाने घातलेली, तक्त्याने मिळवलेली नव्हे. एका स्थितीवरून तिच्यासारख्या दुसरीचा अंदाज बांधणे तक्त्याला जमत नाही, आणि मोठ्या खेळांत त्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरो यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बॅकगॅमनसाठी तक्त्याऐवजी न्यूरल नेटवर्क घेतले. दुरुस्तीचे तत्त्व तेच, स्वतःशी खेळणेही तेच, फक्त आकडा तक्त्यात वाचण्याऐवजी नेटवर्क तो काढून देते. त्यांचा टीडी-गॅमन जगातल्या उत्तम खेळाडूंच्या बरोबरीला पोहोचला. 2017 साली डीपमाइंडच्या अल्फाझीरोने स्वतःशी खेळण्याला पुढच्या चालींच्या शोधाची जोड देऊन बुद्धिबळ, शोगी आणि गो हे तिन्ही खेळ आत्मसात केले.

इथे आपली 945 डावांची परीक्षा मात्र मागे राहते, कारण गोमध्ये समोरच्याच्या सगळ्या चाली करून बघणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही. त्याचा परिणामही दिसला आहे. काटागो हा स्वतःशी खेळून तयार झालेला, उत्तमोत्तम माणसांपेक्षा बलवान असा गोचा प्रोग्रॅम. 2022 साली काही संशोधकांनी दुसरा एक प्रोग्रॅम केवळ काटागोच्या उणिवा शोधण्यासाठी घडवला, आणि तो काटागोला सातत्याने हरवू लागला, जरी तो स्वतः साध्या हौशी माणसांकडूनही हरत होता. त्याची युक्ती अशी की काटागोच्या सोंगट्यांचा एक मोठा गट गोलाकार वेढत न्यायचा. असा गट धोक्यात आहे हे काटागोला वेळेत कळत नव्हते. युक्ती शिकून घेऊन 2023 मध्ये एका हौशी खेळाडूने अशाच एका बलवान गो प्रोग्रॅमविरुद्ध 15 पैकी 14 डाव जिंकले, खेळताना संगणकाची मदत न घेता. काटागोच्या निर्मात्यांनी मग अशा वेढ्यांच्या स्थितींपासून सुरू होणारे डाव प्रशिक्षणात मुद्दाम मिसळले, म्हणजे आपण आडवळणाच्या स्थितींसाठी जे सुचवले तेच. काटागो त्या वेढ्यांसमोर बराच सुधारला, आणि नंतर संशोधकांना वेढ्याचेच दुसरे प्रकार सापडले जे सुधारलेल्या काटागोलाही चकवतात.